‘साधी दुखापत’ की ‘गंभीर दुखापत’? डॉक्टरांच्या रिपोर्टमधला एक शब्द कोर्टात केस कशी फिरवतो

कोयत्याने हल्ला झाल्याची बातमी येते. दोन दिवसांनी सोशल मीडियावर जखमी माणसाच्या मेडिकल सर्टिफिकेटचा फोटो फिरायला लागतो. त्यावर लिहिलेलं असतं ‘साधी दुखापत’. खाली कमेंट ठरलेल्या असतात. डोकं फुटलं, पाच टाके पडले आणि ही साधी दुखापत? डॉक्टर मॅनेज झाला!

पण त्या कागदावरचे ‘साधी’ आणि ‘गंभीर’ हे शब्द आपण घरात वापरतो त्या अर्थाने लिहिलेले नसतात. ते कायद्याचे शब्द आहेत. आणि डॉक्टरने ते सहानुभूतीपोटी वाढवून लिहिले, तर पुढे कोर्टात त्याचा फटका बऱ्याचदा जखमी माणसालाच बसतो.

हा रिपोर्ट नक्की काय असतो, तो कसा लिहिला जातो आणि तो कुठे फसतो, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

एमएलसी म्हणजे काय?

मारहाण, अपघात, भाजणं, विषबाधा अशा ज्या प्रकरणांत पोलीस तपास होऊ शकतो, त्यांची नोंद रुग्णालय वेगळ्या रजिस्टरमध्ये करतं. याला मेडिको-लीगल केस, बोलीभाषेत एमएलसी म्हणतात. जखमी माणूस कधी थेट रुग्णालयात येतो, कधी पोलीस त्याला ‘मेडिकल यादी’ देऊन पाठवतात.

उपचार आधी, कागद नंतर, हा नियम इथे पक्का आहे. पोलिसांची वाट बघत रुग्णाला ताटकळत ठेवता येणार नाही, डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं.

उपचारानंतर पोलिसांना जो कागद मिळतो, ते इंजुरी सर्टिफिकेट. त्यात रुग्णाची ओळख पटवणाऱ्या दोन खुणा, तपासणीची तारीख आणि वेळ, प्रत्येक जखमेचा प्रकार, जागा आणि माप असतं. पुढच्या रकान्यांत जखम किती जुनी, कशाने झाली असावी आणि साधी की गंभीर, यावर डॉक्टरचं मत असतं.

म्हणजे एकाच पानावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. माप आणि जागा हे डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हत्यार आणि जखमेचं वय हा त्याने काढलेला निष्कर्ष असतो. गडबड होते ती बहुतेक वेळा दुसऱ्या भागात.

कायद्यात ‘गंभीर’ कशाला म्हणतात?

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 116 मध्ये ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय, याची आठ प्रकारांची यादी आहे. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, एखादा अवयव किंवा सांधा गमावणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे त्यात येतं. हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं किंवा तुटणं हेही येतं.

शेवटचा प्रकार आहे जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत, किंवा जिच्यामुळे 15 दिवस तीव्र वेदना होतात वा माणूस नेहमीचे व्यवहार करू शकत नाही अशी दुखापत. जुन्या कायद्यात हीच मुदत 20 दिवसांची होती. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या घटनेला आजही 20 दिवसांचाच निकष लागतो.

या यादीत न बसणारी दुखापत ‘साधी’. टाके किती पडले, रक्त किती गेलं, याचा यादीत उल्लेखच नाही. म्हणून पाच टाक्यांची जखम कायद्याने साधी असू शकते. उलट करंगळीच्या हाडाला गेलेली बारीक चीर बाहेरून काहीच दिसत नसताना गंभीर ठरू शकते.

फरक किती पडतो? कलम 115 नुसार जाणूनबुजून साधी दुखापत केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कलम 117 नुसार गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. कापण्या-भोसकण्याचं किंवा जीव घेऊ शकेल असं हत्यार वापरून गंभीर दुखापत केली, तर कलम 118 लागतं. तिथे किमान एक वर्ष, आणि कमाल दहा वर्षं किंवा जन्मठेप.

म्हणजे ‘मोडलं’ आणि ‘धारदार’ हे दोन शब्द कागदावर आले की आरोपीची संभाव्य शिक्षा एका वर्षावरून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळेच या दोन शब्दांसाठी डॉक्टरवर दोन्ही बाजूंनी दबाव येतो.

एका रात्रीची केस

समजा, एका ग्रामीण रुग्णालयात रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी 38 वर्षांचा एक माणूस येतो. बांधावरून भांडण झालं, रात्री 8 च्या सुमारास शेजाऱ्याने कोयत्याने मारलं, असं तो सांगतो. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातले तिन्ही पेच डॉक्टरांसमोर खरोखर येतात.

अंगावर तीन खुणा आहेत. डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या 7 सेंटिमीटर वर, 5 सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद जखम, हाडापर्यंत खोल. डाव्या हाताला मनगट आणि कोपराच्या मध्ये, करंगळीच्या बाजूला सूज आणि लालसर मुका मार. आणि उजव्या मांडीवर 4 बाय 3 सेंटिमीटरचा, हिरवट-पिवळ्या रंगाचा मुका मार.

रुग्ण घाबरलेला आहे. बाहेर नातेवाईक चिडलेले आहेत. पोलीस शिपाई सर्टिफिकेटसाठी थांबला आहे. अशा वेळी डॉक्टरच्या हातून एका दमात असं लिहून जाऊ शकतं: ‘कोयत्याच्या वाराने झालेल्या तीन ताज्या जखमा. डोक्यावरची जखम जीवघेणी. हातावरची जखम बचाव करताना झालेली. गंभीर दुखापत.’

वाचायला हे ठाम वाटतं. पण यातलं एकही वाक्य, त्या रात्री जे दिसलं तेवढ्यावर टिकत नाही. एकेक जखम पाहू.

पहिली जखम: धारदार की बोथट?

डोक्यावरची जखम सरळ रेषेत आहे. रुग्ण कोयता म्हणतोय. म्हणजे धारदार हत्याराची कापलेली जखम, असं कुणालाही वाटेल.

इथे न्यायवैद्यक शास्त्रातला नेहमीचा सापळा आहे. डोक्याची कातडी थेट हाडावर ताणलेली असते. तिच्यावर काठी किंवा दगड बसला, तर कातडी हाड आणि वस्तू यांच्यामध्ये चिरडून सरळ रेषेत फाटते. नडगीवर आणि भुवईवरही असंच होतं. वरून बघताना ती सुरीने कापल्यासारखी दिसते.

फरक ओळखायचा तर आजूबाजूचे केस बाजूला करून, चांगल्या उजेडात, भिंगातून पाहावं लागतं. धारेने कापलेल्या जखमेच्या कडा स्वच्छ असतात आणि केसही कापले गेलेले असतात. मार लागून फाटलेल्या जखमेच्या कडा बारीक दातेरी, खरचटलेल्या असतात, आजूबाजूला मुका मार असतो, केस चिरडलेले असतात. आणि जखमेच्या आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटलेले पेशींचे धागे दिसतात. धार फिरली तर हे धागे उरत नाहीत.

हे सगळं टाके घालण्याआधी पाहायचं असतं. एकदा जखम धुऊन, कडा कापून शिवली की हा पुरावा संपतो.

आपल्या उदाहरणात भिंगातून धागे दिसतात, केस चिरडलेले आहेत. म्हणजे जखम फाटलेली आहे. मग रुग्ण खोटं बोलतोय का? तसं म्हणता येत नाही. कोयत्याला एका बाजूला धार असते आणि दुसऱ्या बाजूला जाड, बोथट पाठ. पाठीचा किंवा मुठीचा घाव बसला तर अशीच जखम होईल.

त्यामुळे ‘कोयत्यानेच झाली’ हे जसं जास्तीचं, तसंच ‘कोयत्याने होऊच शकत नाही’ हेही जास्तीचं. टिकणारं मत असं: ‘फाटलेली जखम. कडा दातेरी, आत पेशींचे धागे शाबूत. कठीण आणि बोथट वस्तूच्या किंवा हत्याराच्या बोथट भागाच्या आघाताशी सुसंगत.’ पुढे पोलिसांनी जप्त केलेला कोयता दाखवून लेखी विचारलं, तर त्याचं माप घेऊन डॉक्टर वेगळं मत देऊ शकतो.

याच जखमेबद्दलचा दुसरा शब्द ‘जीवघेणी’. रुग्ण शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत, उलटी झालेली नाही. पण डोक्याच्या आत काय झालंय, हे सीटी स्कॅनशिवाय कळणार नाही आणि ग्रामीण रुग्णालयात ती सोय नाही. अशा वेळी डॉक्टर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवतो आणि लिहितो, ‘सीटी स्कॅनचा अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवले आहे.’

हे टाळाटाळीचं वाक्य वाटू शकतं. पण कलम 116 मध्ये बघायचं असतं ते प्रत्यक्ष झालेल्या दुखापतीने जिवाला धोका निर्माण झाला का. घाव अजून जोरात बसला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या कलमात येत नाही.

त्याचा विचार दुसरीकडे होतो. खुनाच्या प्रयत्नाचं कलम 109 लागायला मोठी जखम असावीच लागते असं नाही. तिथे हेतू आणि कृती पाहिली जाते. 1983 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं होतं. म्हणजे सर्टिफिकेटवर ‘साधी दुखापत’ असली तरी खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालू शकतो. हेतू सिद्ध करण्यासाठी डॉक्टरने जखम फुगवायची गरज नसते.

दुसरी जखम: एक्स-रे येईपर्यंत

हाताला सूज आहे, दाबल्यावर खूप दुखतंय. हाड मोडल्याचा संशय आहे, पण रात्री एक्स-रे होऊ शकत नाही. इथेही मत राखून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं दिसतं. आता पुरवणी मत देता येतं: हाड मोडलेलं असल्याने गंभीर दुखापत.

पण त्यासाठी एक्स-रेचा नंबर, तारीख आणि तो कुणी वाचला याची नोंद लागते. खटल्यात फिल्म सापडत नाही किंवा ती वाचणारे डॉक्टर साक्षीला येत नाहीत, तेव्हा हाड मोडल्याचं सिद्ध होत नाही आणि गंभीर दुखापतीचा आरोप साध्या दुखापतीवर येऊ शकतो. हाड खरोखर मोडलेलं असूनही.

राहिला ‘बचाव करताना झालेली’ हा शब्दप्रयोग. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस हात वर करतो, तेव्हा नेमकं हेच हाड समोर येतं. म्हणून ते एकटंच मोडलं असेल तर थेट आघाताचा विचार आधी होतो. पण हात बचावासाठी वर केला होता की मारण्यासाठी, हे हाड सांगत नाही. ते तिथे हजर असलेले साक्षीदार सांगतील. डॉक्टरने ‘थेट आघाताशी सुसंगत’ इथे थांबायचं.

तिसरी जखम: न बसणारा रंग

मांडीवरचा मुका मार सगळ्यात अडचणीचा आहे. रुग्ण म्हणतो, हाही आज रात्रीचाच. पण तो हिरवट-पिवळा आहे.

कातडीखाली साचलेलं रक्त शरीर हळूहळू मोडतं, तसा मुक्या माराचा रंग बदलतो. पाठ्यपुस्तकांत याचा तक्ता असतो: आधी लाल, मग निळसर, चार-पाच दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा. तक्ता पाहून ‘जखम सहा दिवसांपूर्वीची’ असं लिहिण्याचा मोह होतो.

पण माणसाचं वय, मार किती खोल आहे, शरीराचा कोणता भाग आहे, त्वचेचा रंग कसा आहे, यावर हे सगळं बदलतं. लँग्लॉइस आणि ग्रेशॅम या संशोधकांनी 1991 मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या मुक्या माराचे फोटो तपासले. त्यांना खात्रीने सांगता आली अशी गोष्ट एवढीच, की पिवळा रंग 18 तासांच्या आत दिसत नाही. तो कधीपर्यंत टिकेल किंवा नक्की कोणत्या दिवशी येईल, हे रंगावरून ठरवता येत नाही.

मग डॉक्टरने काय लिहायचं? तीन वाटा आहेत. पहिली, ही जखम लिहायचीच नाही, म्हणजे रुग्णाची केस बिघडणार नाही. दुसरी, ‘रुग्ण खोटी माहिती देत आहे’ असा शेरा मारायचा. तिसरी, रंग आणि माप जसं आहे तसं नोंदवून लिहायचं: ‘पिवळ्या छटेमुळे ही जखम सांगितलेल्या वेळेपेक्षा जुनी वाटते. नेमकं वय सांगता येत नाही.’

बरोबर वाट तिसरी. दोन दिवसांपूर्वी शेतात लागलेला मार माणसाला आठवत नसतो, आणि भांडणानंतर सगळंच अंग दुखत असतं. त्याने तो दाखवला याचा अर्थ तो खोटारडा आहे असा होत नाही. उलट ही नोंद केल्याने बाकीच्या दोन जखमांवरचा विश्वास वाढतो. आपल्याला पटलं नाही ते या डॉक्टरने तिथल्या तिथे लिहिलंय, हे न्यायाधीशांना दिसतं.

‘सुसंगत’ हा शब्द एवढा का जपायचा?

वर ‘सुसंगत’ हा शब्द वारंवार आला. छळाच्या प्रकरणांत वैद्यकीय पुरावा कसा नोंदवायचा, यासाठी संयुक्त राष्ट्रांची ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाची मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्यात या शब्दाच्या पायऱ्याच ठरवून दिल्या आहेत.

तळाला आहे ‘सुसंगत नाही’, म्हणजे सांगितलेल्या कारणाने ही खूण होणार नाही. त्यावर ‘सुसंगत’: या कारणाने होऊ शकते, पण इतरही अनेक कारणं असू शकतात. मग ‘अत्यंत सुसंगत’: इतर कारणं मोजकीच. त्यानंतर ‘नमुनेदार’: या कारणाने सहसा अशीच खूण होते, तरी दुसरं कारण शक्य आहे. सगळ्यात वर ‘निदर्शक’: दुसऱ्या कुठल्याही प्रकारे ही खूण होऊच शकत नाही.

भारतातल्या मारहाणीच्या केसमध्ये हीच पट्टी वापरा, अशी सक्ती नाही. पण तिच्यामागचा विचार कुठल्याही रिपोर्टला लागू पडतो. डॉक्टरने स्वतःला विचारायचं, की हे दुसऱ्या कशाने होऊ शकतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर ‘यानेच झालं’ असं लिहिता येत नाही. आपल्या उदाहरणातली डोक्याची जखम ‘सुसंगत’च्या वर जात नाही, कारण दगडावर पडूनही ती होऊ शकते.

दोन वर्षांनी, कोर्टात

खटला उभा राहतो तेव्हा दोन-तीन वर्षं गेलेली असतात. डॉक्टरची बदली झालेली असते. मधल्या काळात त्याने शेकडो रुग्ण पाहिलेले असतात. हा रुग्ण त्याला आठवत नाही. हातात असतं ते फक्त त्या रात्री लिहिलेलं पान.

बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत ठरलेला प्रश्न विचारतो: ‘डोक्यावरची ही जखम कठीण जमिनीवर पडून होऊ शकते का?’

ज्याने ‘कोयत्याच्या वाराने झालेली धारदार जखम’ लिहिलं आहे, त्याच्यापुढे आता दोनच पर्याय उरतात. ‘नाही’ म्हणावं तर वकील कडांचं वर्णन विचारतो आणि ते रिपोर्टमध्ये नसतं. ‘हो’ म्हणावं तर स्वतःचंच लिखाण खोडावं लागतं. मग मांडीवरच्या पिवळ्या माराचा फोटो पुढे येतो. दोन तासांपूर्वीची जखम पिवळी कशी? एक विधान पडलं की हात मोडल्याच्या खऱ्या पुराव्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

ज्याने मोजकं लिहिलं आहे, तो शांतपणे सांगू शकतो: ‘हो, पडूनही होऊ शकते. बोथट वस्तूच्या आघातानेही होऊ शकते. दोन्हींत फरक करता येईल असं मला त्या जखमेत दिसलं नाही. हाताचं हाड मात्र थेट आघाताने मोडल्याच्या प्रकाराशी जुळतं.’

या ‘हो’मुळे केस पडली असं अनेकदा मानलं जातं. तसं नसतं. वैद्यकीय पुराव्याचं काम साधारणपणे पूरक असतं, सांगितलेल्या प्रकारे ही जखम होऊ शकली असती एवढंच तो दाखवतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सोळंकी चिमणभाई उकाभाई प्रकरणात म्हटलं. कुणी मारलं, हे प्रत्यक्षदर्शी सांगतात. त्यांची साक्ष डॉक्टरच्या मतामुळे बाजूला पडते ती तेव्हा, जेव्हा वैद्यकीय पुरावा त्यांनी सांगितलेली शक्यता पूर्णपणे नाकारतो.

म्हणूनच ‘कोयत्याने होऊच शकत नाही’ असं बेधडक लिहिणं धोक्याचं. समोरचा साक्षीदार खरं सांगत असेल आणि घाव कोयत्याच्या पाठीचा असेल, तर त्या एका वाक्याने त्याची खरी साक्ष संशयाच्या भोवऱ्यात येते.

नुसतं मत देऊनही भागत नाही. तज्ज्ञाने आपल्या निष्कर्षाची कारणं आणि आधार कोर्टापुढे ठेवले पाहिजेत, म्हणजे न्यायाधीश स्वतः ते तपासू शकतील, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका प्रकरणात सांगितलं. ‘फाटलेली जखम’ हे मत झालं. ‘कडा दातेरी, पेशींचे धागे शाबूत, केस चिरडलेले’ ही त्याची कारणं.

मत मर्यादेबाहेर गेलं की काय होतं?

याचं सगळ्यात वाईट उदाहरण बलात्काराच्या प्रकरणांतलं आहे. वर्षानुवर्षं डॉक्टर ‘टू-फिंगर टेस्ट’ करून पीडितेला ‘शरीरसंबंधांची सवय आहे’ असं लिहीत. त्या तपासणीला शास्त्रीय आधार नव्हता. आधी संबंध आले होते की नाही, याचा त्या दिवशी संमती होती की नाही याच्याशी काही संबंधही नव्हता. तरी ते वाक्य उलटतपासणीत तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायला वापरलं जाई.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी महिलेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असं म्हटलं. ती तरीही सुरू राहिल्याने 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की जो कुणी ही तपासणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

‘अंगावर जखमा नाहीत, म्हणजे बलात्कार झालेला नाही’ हेही असंच हद्द ओलांडणारं वाक्य. भीतीने, धमकीने प्रतिकार झालेला नसू शकतो, आणि तपासणी उशिरा झाली तर खुणा मिटलेल्या असू शकतात. डॉक्टर लिहू शकतो ते इतकंच: ‘तपासणीच्या वेळी जखमा आढळल्या नाहीत. त्यावरून लैंगिक हिंसा झाली किंवा झाली नाही, असं सांगता येत नाही.’ अशा तपासणीच्या अहवालात प्रत्येक निष्कर्षाचं कारण नेमकेपणाने द्यावं आणि तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवावा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 184 सांगतं.

सर्टिफिकेट वाचताना काय बघायचं?

तुमच्या हातात असा कागद आला, तर आधी शेवटच्या रकान्यातलं ‘साधी’ किंवा ‘गंभीर’ बघू नका. ते डॉक्टरचं मत आहे, अंतिम निर्णय कोर्टाचा असतो. आधी वर्णन बघा. प्रत्येक जखमेची जागा शरीराच्या ठरलेल्या बिंदूपासून मोजली आहे का? लांबी, रुंदी, खोली, कडा, रंग लिहिला आहे का? रुग्णाने सांगितलेली हकीकत ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ अशी वेगळी ठेवली आहे का?

‘मत राखून ठेवले’ असं लिहिलं असेल, तर तो कागद अजून पूर्ण झालेला नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन आणि मोठ्या रुग्णालयातल्या केसपेपरच्या प्रती तपास अधिकाऱ्यापर्यंत पोहोचल्या का आणि पुरवणी मत मागवलं गेलं का, हे विचारणं जखमी माणसाच्या घरच्यांच्या हातात असतं.

15 दिवसांच्या निकषाचंही तसंच. रुग्णालयात 16 दिवस दाखल होता एवढ्यावर दुखापत गंभीर ठरत नाही. त्या काळात तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीची कामं करता येत नव्हती, हे दाखवावं लागतं. ते दाखवतात रोजच्या केसपेपरवरच्या नोंदी, म्हणजे वेदना किती, औषध कोणतं, रुग्ण स्वतः उठून चालला का. घरी सोडल्यानंतरच्या तपासण्यांचे कागदही त्यात येतात. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत हे कागदही सांभाळून ठेवायला हवेत.